ठेव सुरक्षित, नोंद मात्र नव्हे

धाराशिव, खास प्रतिनिधी : 'सिबिल' हा शब्द या जिल्ह्यात फारसा चांगल्या अर्थाने उच्चारला जात नाही. पीककर्जाचा अर्ज परत आला की कारण म्हणून तोच पुढे केला जातो, आणि मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका, असे बँकांना बजावले तेव्हा त्या बातमीची चर्चा उमरग्यापासून परंड्यापर्यंत झाली. तथापि ही सारी चर्चा ज्यांची नोंद बिघडली आहे त्यांच्याविषयी असते. ज्यांची नोंदच नाही अशांचा एक मोठा वर्ग तिच्याबाहेर राहतो. बारावीनंतर पुणे, लातूर किंवा सोलापूर गाठणारी मुले, तुळजापूरच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या केंद्रात परप्रांतांतून येणारे विद्यार्थी आणि पहिल्या नोकरीवर नुकतेच रुजू झालेले तरुण या वर्गात मोडतात.

अशा तरुणाने आपला पतअहवाल मागवला, तर गुणांकाच्या जागी त्याला NH किंवा -1 असे दिसते. ३०० ते ९०० या मोजपट्टीवर तो कमी भरला, असा त्याचा अर्थ नाही. त्याला मोजण्यासारखे काही हातीच लागले नाही, एवढाच अर्थ आहे. केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना असल्याचे आणि किमान गुणांकाची कोणतीही अट रिझर्व्ह बँकेने घातलेली नसल्याचे केंद्रीय अर्थ राज्यमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले आहे. ते कागदावर स्वागतार्ह आहे. पण कर्ज द्यायचे की नाही हे शेवटी बँक आपल्या धोरणानुसार ठरवते, आणि कोऱ्या पाटीच्या माणसाला तारणाविना क्रेडिट कार्ड देण्यास बहुतेक बँका आजही राजी नसतात. मग शाखेतूनच दुसरा मार्ग सुचवला जातो : मुदत ठेव ठेवा आणि तिच्यावर कार्ड घ्या.

या व्यवहाराचे स्वरूप या जिल्ह्यातील वाचकाला समजावून सांगण्यास फारसे कष्ट पडू नयेत. सोसायटीचे कर्ज घेतले की सातबाऱ्यावर बोजा चढतो. जमीन आपली, वहिवाट आपली, पण बोजा उतरेपर्यंत ती विकता येत नाही. येथे बोजा ठेवीवर चढतो. ठेव खातेदाराच्याच नावे राहते, तिच्यावर ठरलेले व्याजही मिळत राहते, मात्र कार्ड चालू असेपर्यंत ती मोडता येत नाही. ठेवीच्या साधारण ८० ते ९० टक्क्यांइतकी, काही बँकांत शंभर टक्क्यांइतकी, खर्चाची मर्यादा कार्डावर मिळते. स्टेट बँकेतील ठेवीवर मिळणाऱ्या 'उन्नती' या कार्डासाठी किमान २५ हजार रुपयांची ठेव लागत आली आहे. अन्य बँकांच्या रकमा याच्या आगेमागे असतात आणि बदलतही असतात. अर्जदाराचा पगार, वडिलांचे उत्पन्न किंवा जामीनदार यांची विचारणा सहसा होत नाही, कारण बँकेचा पैसा बँकेच्याच तिजोरीत पडून असतो.

येथवर हे सोनेतारण किंवा ठेवतारण कर्जासारखेच वाटेल. फरक हेतूत आहे. ठेवतारण कर्ज माणूस पैशाची नड भागवण्यासाठी घेतो. ठेवीवरील कार्ड घेणाऱ्याकडे पैसा असतोच, अन्यथा ठेव कोठून आली असती? त्याला हवी असते ती नोंद. महिन्यामागून महिना उधार घेतले आणि वेळेवर फेडले, असे चार पतमाहिती कंपन्यांच्या दप्तरी लिहिले जाणे, हाच या कार्डाचा खरा उपयोग. पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ सालचा. आज ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या या क्षेत्रात आहेत. बँका पूर्वी त्यांना महिन्यातून एकदा माहिती पाठवीत. १ जानेवारी २०२५ पासून ती किमान दर पंधरवड्याला जाऊ लागली. म्हणजे चांगली नोंद लवकर उमटते, तशीच वाईटही.

कोणती ठेव चालते, हा प्रश्न या जिल्ह्यात इतरत्र असतो त्याहून अधिक महत्त्वाचा आहे. उस्मानाबादच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केला, तेव्हा पाच लाखांपर्यंतच्या ठेव विम्यामुळे बहुसंख्य ठेवीदारांचे पैसे वाचणार होते; पण ठेव म्हणजे काही निर्धोक कागद नव्हे, ही जाणीव तेव्हापासून शहरात मुरली आहे. पतसंस्थांतील ठेवींना तर या विम्याचे संरक्षणही नाही. कार्डाच्या संदर्भात मात्र मुद्दा आणखी सरळ आहे. ठेव कार्ड देणाऱ्या बँकेतच, किंवा त्या कार्ड कंपनीशी संलग्न बँकेत, असावी लागते. गावातल्या पतसंस्थेतील पावती किंवा जिल्हा मध्यवर्ती बँकेतील जुनी ठेव दाखवून दुसऱ्या बँकेचे कार्ड मिळत नाही. ठेव अर्जदाराच्या स्वतःच्या नावे लागते आणि त्याला अठरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. वडील व मुलगा यांच्या संयुक्त ठेवीला अनेक बँका नकार देतात. करबचतीसाठी ठेवलेली पाच वर्षांची ठेवही उपयोगाची नाही, कारण ती तारण ठेवण्यास नियमानेच मनाई आहे.

एवढे जमले की कार्ड हाती येते, आणि खरी अडचण तेथून पुढे सुरू होते. आपल्याकडची उधारी हंगामाच्या चालीने चालते. पेरणीला घेतलेले कर्ज सोयाबीन बाजारात आले की फेडायचे, खत-बियाण्याचे दुकानदाराचे खाते दिवाळीनंतर मिटवायचे, उसाचे बिल लांबले तर तोही थांबतो. पीककर्जाची व्याजसवलतसुद्धा वर्षाच्या आत परतफेडीवर बांधलेली आहे. शिवाय २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन कर्जमाफ्या या पिढीच्या डोळ्यांदेखत झाल्या. घरातून मिळालेले उधारीचे हे शिक्षण चुकीचे नाही, पावसावरच्या शेतीला ते साजेसेच आहे. मात्र कार्डाचे वर्ष तीस दिवसांचे असते. त्याला हंगाम नाही, सोयाबीनचा भाव पडला म्हणून त्याची तारीख पुढे जात नाही, आणि त्याच्या नोंदीला माफी ठाऊक नाही. घरून येणारे पैसे दोन-तीन महिन्यांनी एकरकमी येत असतील आणि बिल दरमहा येत असेल, तर ही दोन घड्याळे जुळवण्याचे काम वीस वर्षांच्या मुलावर येऊन पडते.

हे घड्याळ चुकले तर काय होते, ते आकड्यांत पाहणे बरे. तुळजापूर तालुक्यातील एका गावातून पुण्यात शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी गृहीत धरू. तिने २५ हजारांची ठेव ठेवून २० हजार मर्यादेचे कार्ड घेतले आहे. तिचे बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघते आणि भरण्याची अंतिम तारीख २५ आहे. तिने १० जुलैला १२ हजार रुपयांचा मोबाईल घेतला. ५ ऑगस्टला बिल निघाले : पूर्ण देय रक्कम १२ हजार, किमान देय रक्कम ५ टक्क्यांप्रमाणे ६०० रुपये. २५ ऑगस्टला पूर्ण १२ हजार भरले असते, तर ४६ दिवस बिनव्याजी वापरायला मिळाले असते. पण घरून पैसे आले नव्हते आणि बिलावर 'किमान देय' असे ठळक अक्षरांत छापलेले होते, म्हणून तिने ६०० रुपये भरले आणि आपले कर्तव्य पार पाडले असे समजली.

५ सप्टेंबरच्या बिलात व्याज येते. ते २५ ऑगस्टपासून लागेल, अशी बहुतेकांची समजूत असते. वास्तविक बिल पूर्ण न भरल्यास बिनव्याजी मुदत रद्द होते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे १० जुलैपासून, मोजले जाते. दर बँकेगणिक वेगळा असतो आणि ठेवीवरील कार्डांना काही ठिकाणी तो कमीही असतो. हिशेबासाठी दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरू. १२ हजारांवर ४६ दिवसांचे व्याज ६३५ रुपये. उरलेल्या ११ हजार ४०० रुपयांवर २५ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर या ११ दिवसांचे १४४ रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर सुमारे १४० रुपये. एकूण साधारण ९२० रुपये. म्हणजे १२ हजारांतून ६०० भरल्यावर तिच्या हाती आलेले पुढचे बिल १२ हजार ३२० रुपयांचे असते.

६०० रुपये भरले आणि कर्ज ३२० रुपयांनी वाढले. त्याच काळात तिची २५ हजारांची ठेव साडेसहा टक्के दराने वर्षभरात सुमारे १ हजार ६६५ रुपये मिळवणार आहे. एका बिलाने त्यातले निम्म्याहून अधिक खाल्ले. एवढ्यावर भागत नाही. जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. सप्टेंबरात तिने कार्डाने घेतलेल्या वह्यांवर त्याच दिवसापासून व्याज चढते. या व्याजाला सर्वसाधारण कायदेशीर कमाल मर्यादाही नाही. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द ठरवला.

गंमत अशी, की या सगळ्यात तिची नोंद अजून स्वच्छ आहे. किमान रक्कम वेळेवर भरल्याने पतमाहिती कंपनीच्या लेखी ती थकबाकीदार नाही. तिचे नुकसान झाले ते पैशाचे. किमान रकमेचा आकडा बिलावर कशासाठी असतो, हे यावरून ध्यानात यावे : तो नोंद राखतो आणि खिसा रिता करतो. पूर्ण देय रकमेकडेच पाहायचे, किमान रकमेची ओळ वाचायचीच नाही, अशी सवय पहिल्या बिलापासून लावलेली बरी. खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची सोय घेताना अर्जात 'किमान' आणि 'पूर्ण' असे दोन पर्याय असतात. तेथे 'पूर्ण' निवडले आहे ना, हे एकदा नव्हे तर पहिले बिल वळते झाल्यावर पुन्हा तपासावे.

याच्या उलट प्रकार किमान रक्कमही चुकवणाऱ्याच्या बाबतीत घडतो, आणि या कार्डाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज तेथेच आहे. "ठेव बँकेकडेच आहे, नाही भरले तर त्यातून कापून घेतील," असे शाखेबाहेरच्या चहाच्या टपरीवर सहज बोलले जाते. बँक कापून घेते, यात खोटे काही नाही. पण ती पहिल्या चुकीला कापून घेत नाही. आधी उशिराचा दंड लागतो, व्याज चालू राहते, संदेश व दूरध्वनी येतात, नोटीस येते, आणि अटींत लिहिलेली मुदत उलटल्यावरच ठेव मोडून रक्कम वसूल होते. मधल्या काळात दर पंधरवड्याला 'इतके दिवस थकीत' अशी माहिती चारही कंपन्यांकडे गेलेली असते. किमान देय रक्कम अंतिम तारखेपासून ९० दिवसांत भरली नाही, तर खाते अनुत्पादक गणले जाते. पतअहवालात मागील ३६ महिन्यांचा भरणा महिन्यावार दिसतो. ठेवीतून वसुली झाली म्हणून ते थकीत दिवस पुसले जात नाहीत. म्हणजे बँकेचा पैसा शंभर टक्के सुरक्षित, ठेवीदाराची ठेव गेली, आणि ज्या नोंदीसाठी हा खटाटोप केला तीच डागाळली. कोरी पाटी घेऊन आलेला विद्यार्थी वाईट पाटी घेऊन परत जातो. तारणाचे संरक्षण बँकेला आहे, कार्डधारकाच्या नावाला नाही, एवढी एक गोष्ट शाखेत ठेवीच्या पावतीसोबत छापून द्यायला हवी होती.

एखादा दिवस चुकला तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार, अंतिम तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा अधिक झाल्यावरच खाते थकीत म्हणून कळवता येते आणि उशिराचा दंड आकारता येतो. २५ तारखेचे बिल २७ ला भरले तर नोंद बिघडू नये. ही सवलत नेटवर्क गेले, यंत्रणा बंद पडली अशा वेळेसाठी आहे. तिलाच अंतिम तारीख मानणाऱ्याची गाठ एके दिवशी सलग सुट्ट्यांशी पडते.

दुसरी चूक चांगल्या हेतूने होते. नोंद व्हावी म्हणून कार्ड घेतले, तर ते भरपूर वापरावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण मिळालेल्या मर्यादेपैकी किती वापरली जाते, हेही गुणांकात धरले जाते. नेमके सूत्र कंपन्या उघड करीत नाहीत. ३० टक्क्यांच्या आत राहावे, हा या क्षेत्रात रूढ झालेला संकेत आहे. लाख-दोन लाखांची मर्यादा असलेल्या नोकरदाराला तो सोपा जातो. २० हजारांच्या कार्डावर मात्र ३० टक्के म्हणजे जेमतेम ६ हजार. परीक्षा व वसतिगृह मिळून ९ हजारांचे शुल्क कार्डाने भरले की वापर ४५ टक्क्यांवर गेला. पैसे बुडवण्याचा हेतू नाही, बिलही वेळेवर भरले जाणार आहे, तरी ज्या दिवसाची बाकी बँक कळवते त्या दिवशी हा आकडा मोठा दिसतो. उपाय सोपा आहे : मोठा खर्च करावाच लागला, तर बिलाची वाट न पाहता दोन-चार दिवसांत ती रक्कम कार्डावर भरून टाकावी. मर्यादा पुन्हा मोकळी होते आणि कळवली जाणारी बाकी लहान राहते.

मग हे कार्ड वापरायचे तरी कशासाठी? याचे उत्तर काहीसे नीरस आहे. दरमहा होणारा एखादा ठरावीक खर्च, म्हणजे मोबाईलचे रिचार्ज, खानावळीचे बिल किंवा गावी ये-जा करण्याचे एसटीचे तिकीट, कार्डावर टाकावा आणि पूर्ण बिल आपोआप वळते होऊ द्यावे. महिन्याला हजार-पंधराशेचा व्यवहारही नोंदीला पुरतो. रुपे जातीचे कार्ड असेल तर २०२२ पासून ते यूपीआयला जोडता येते, त्यामुळे कार्डाचे यंत्र नसलेल्या किराणा दुकानातही दुकानदाराच्या क्यूआरवर ते चालते. कळंब किंवा भूमसारख्या बाजारपेठेत हा फरक मोठा आहे. मित्राच्या खात्यावर किंवा व्यक्तिगत क्यूआरवर मात्र त्याने पैसे पाठवता येत नाहीत. आणि एटीएममधून या कार्डाने रोख काढणे हा शुद्ध तोटा आहे, कारण रोखीला बिनव्याजी मुदत नसते, व्याज त्याच दिवसापासून लागते आणि शुल्क वेगळे.

नडीच्या वेळी कार्डाकडे हात जाऊ नये म्हणून ठेव ठेवतानाच एक काळजी घेता येते. घरात ४० हजार रुपये शिल्लक असतील, तर सगळ्यांची एकच ठेव करून ती अडकवू नये. २५ हजारांची एक ठेव कार्डासाठी आणि १५ हजारांची दुसरी मोकळी ठेवावी. अचानक दवाखाना उद्भवला तर मोकळ्या ठेवीवर उचल मिळते, आणि तिचा व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्केच अधिक असतो. कार्डाच्या ४२ टक्क्यांशी त्याची तुलनाच नको. बोजा चढलेल्या ठेवीवर ही दुसरी उचल मिळत नाही, हे अनेकांना गरज पडल्यावरच समजते.

नोंद होत आहे की नाही, हे पाहणे कार्डधारकाच्या हाती आहे. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१७ पासून केली आहे. चारही अहवाल एकाच दिवशी मागवण्यापेक्षा तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेक मागवला, तर वर्षभर लक्ष ठेवता येते. कार्ड घेतल्यावर दोन-तीन महिन्यांनी पहिला अहवाल मागवावा आणि त्यात ते खाते आपल्या नावावर, बरोबर पॅन क्रमांकासह आणि बरोबर मर्यादेसह आले आहे का, ते पाहावे. नावाच्या स्पेलिंगमधील फरक, वडिलांच्या नावाचा गोंधळ आणि आता जिल्ह्याच्या नावाचा बदल यांमुळे कागदपत्रांत विसंगती येऊ शकते. आधारवर उस्मानाबाद आणि बँकेत धाराशिव असे पत्ते आजही आढळतात. गुणांक दिसू लागण्यास साधारण सहा महिन्यांचा भरणा लागतो, तोवर मोजपट्टी रिकामी दिसली तरी खाते अहवालात असणे पुरेसे आहे. खातेच नसेल किंवा भरलेला हप्ता थकीत दाखवला असेल, तर बँकेकडे किंवा पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निराकरण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे.

हे सारे वाचून प्रत्येक विद्यार्थ्याने ठेव घेऊन शाखेत जावे, असा अर्थ कोणी काढू नये. ज्याच्या नावावर शैक्षणिक कर्ज आहे, त्याची नोंद आधीच सुरू झालेली आहे. कर्जाचे हप्ते शिक्षणानंतर सुरू होणार असले तरी खाते अहवालात दिसते, आणि सहकर्जदार म्हणून वडिलांच्या अहवालातही दिसते. त्याने नव्या कार्डामागे लागण्यापेक्षा तो पहिला हप्ता चुकणार नाही हे पाहणे अधिक मोलाचे. बँकेतून सोनेतारण कर्ज घेऊन फेडणाऱ्याचीही नोंद झालेली असते. वडिलांच्या कार्डावरचे जोडकार्ड घेतल्याने काम भागेल, असे काहींना वाटते. पण जोडकार्डाची देणेदारी मुख्य कार्डधारकाची असते, त्यामुळे स्वतःचा इतिहास म्हणून त्यावर विसंबता येत नाही. आणि ठेवीसाठी लागणारे २५ हजार कोणाकडून उसने आणावे लागत असतील, तर तो व्यवहार मुळातच उलटा आहे. दोन-तीन वर्षांत दुचाकीचे कर्ज, दुकानासाठी भांडवल किंवा शहरातले पहिले घरकर्ज लागणार आहे, घरात काही रक्कम वर्षभर नुसती पडून आहे आणि बिल भरण्यास पुरेल एवढे पैसे दरमहा स्वतःच्या खात्यात येतात, अशा मुला-मुलीसाठी हा मार्ग आहे. तिन्हींपैकी शेवटची अट नसेल, तर पहिल्या दोन असून उपयोग नाही.

कार्ड बंद करण्याची वेळही येतेच. नोकरी लागून विनातारण कार्ड मिळाले किंवा ठेवीची रक्कम हवी झाली, की धारक कार्ड कापून फेकतो आणि ठेव मोडायला शाखेत जातो. तेथे त्याला बोजा अजून कायम असल्याचे सांगितले जाते. कार्ड कापल्याने खाते बंद होत नाही. सर्व बाकी भरून बंद करण्याची लेखी विनंती द्यावी लागते. अशी विनंती आल्यावर आणि बाकी काही नसल्यास सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक असून, विलंब झाल्यास दररोज ५०० रुपये धारकाला द्यावे लागतात, असे २०२२ चे नियम सांगतात. ठेवीवरचा बोजा उतरवणे ही मात्र त्यानंतरची वेगळी पायरी आहे. उशिराने येणाऱ्या व्यवहारांसाठी ठेव काही काळ अडकवून ठेवण्याची तरतूद काही बँकांच्या अटींत असते. स्टेट बँकेच्या बाबतीत तर ठेव बँकेत आणि कार्ड 'एसबीआय कार्ड' या स्वतंत्र कंपनीचे, अशी दोन दारे आहेत. कंपनीने कळवल्याशिवाय शाखा बोजा काढत नाही. म्हणून कार्ड बंद झाल्याचे आणि बाकी शून्य असल्याचे पत्र आधी हाती घ्यावे, त्याची प्रत जोडून शाखेत बोजा उतरवण्याचा अर्ज द्यावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोहोच घ्यावी. पुढच्या पतअहवालात ते खाते 'बंद' आणि बाकी शून्य असे दिसले, की मगच ठेवीच्या पावतीची आणि या व्यवहाराची फाईल कपाटात ठेवता येते.